मदत हवी आहे: रोज स्कूटर चालवून गुडघे आणि खुबे आखडतात

नितीन_चौल
नमस्कार. रोज चौल ते पेण जा-ये आहे, स्कूटरवर. पोयनाडच्या बाजारात आणि वडखळच्या आधी गाड्या तुंबल्या की जागच्या जागी बसून राहावं लागतं, शनिवारी तर विचारूच नका. संध्याकाळी घरी गाडीवरून उतरलो की गुडघे सरळ होत नाहीत, खुबे आखडलेले असतात आणि अंगणातून ओटीपर्यंत वाकून चालावं लागतं. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, तिने रात्र निघते. कोणता व्यायाम करू तेवढं सांगा. डॉक्टरकडे जा असं कृपया कोणी सांगू नका, त्यात अर्धा दिवस जातो आणि माझा रोज बुडतो. लवकर उत्तर द्या, उद्या परत निघायचंच आहे.

दर्यावर्दी
स्कूटर सोडा, मोटरसायकल घ्या. स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे प्रत्येक खड्डा अंगात उतरतो. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी बूड उचलता येत नाही. मोटरसायकलवर पाय खाली असतात, पायांवर जोर देऊन जरा उठलं की धक्का निघून जातो. मी याच रस्त्याने वर्षानुवर्षं गाडी मारतोय, गुडघ्याला काही नाही. आधी टायरमधली हवा बघा, पंक्चरवाले सवयीने जास्त भरतात.

मामी_मुरूड
निर्गुंडीचा पाला आणा, तव्यावर गरम करा आणि फडक्यात बांधून गुडघ्याला शेक द्या. त्याआधी तिळाचं तेल कोमट करून चोळा. माझ्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते, त्या अजून या शेकावर चालतात. आणि गाडीवर गुडघ्यांना वारा लागू देऊ नका.

गंधाली
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोह्याला काम करते. नितीनदादा, व्यायाम सांगते, पण आधी काही गोष्टी कळायला हव्यात. वय आणि उंची किती? दोन्ही बाजूंना सारखं आहे की एका बाजूला जास्त? खुबा म्हणजे नेमकं कुठे: कंबरेच्या बाजूला, मागे ढुंगणात की पुढे जांघेत? सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं? गुडघ्याला सूज येते का, गुडघा मध्येच अडकतो का? जिने चढताना दुखतं की उतरताना?

रेवस_बंदर
रस्त्याने कशाला जाता, मांडव्याहून रो-रो धरा. २०२० पासून चालू आहे, स्कूटरसकट भाऊच्या धक्क्याला उतरवतात.

नितीन_चौल
रेवस_बंदर, मला पेणला जायचं असतं, मुंबईला नाही.
गंधालीताई, वय ३९, उंची पाच फूट अकरा. दुखतं दोन्हीकडे, उजवीकडे जास्त. सकाळी पाच-दहा मिनिटांत मोकळं होतं. सूज नाही, अडकत नाही. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. आता व्यायाम सांगा.

अप्पा_नागोठणे
मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हा माझा नातू जन्मला नव्हता, आता तो सायकलवर शाळेत जातो. लोकांचे गुडघे या रस्त्याने खाल्ले आहेत. व्यायाम कसले सांगता, रस्ता मागा.

दर्यावर्दी
अप्पा, ते चौल-पेण जातात. अलिबाग-वडखळ रस्ता वेगळा.

अप्पा_नागोठणे
वडखळला कोंडी होते ती महामार्गाचीच ना? मग वेगळा कसा?

गंधाली
दहा मिनिटांत मोकळं होतं आणि सूज नाही, ही चांगली बाजू. तासाभरापर्यंत आखडलेलं राहिलं असतं तर आधी संधिवाताच्या तपासण्या सांगितल्या असत्या. जिना उतरताना वाटीमागे दुखणं हे गुडघा खूप वेळ दुमडून बसणाऱ्यांचं नेहमीचं लक्षण आहे. तुमच्या उंचीला स्कूटरवर गुडघा काटकोनाच्याही पुढे दुमडत असणार. त्यात वाटी मांडीच्या हाडावर दाबून राहते आणि खुब्यापुढचा स्नायू आखूड होऊन बसतो. म्हणून उतरल्यावर वाकून चालावं लागतं.
पण खुबा नेमका कुठे ते तुम्ही सांगितलं नाहीत. आणि गाडीवर पाय कसे ठेवता? पायांत काही सामान असतं का?

नितीन_चौल
हो, टूलबॅग असते. आरओ आणि इन्व्हर्टरच्या सर्व्हिसिंगचं काम आहे. कधी बॅटरीही असते. पाय बॅगेच्या दोन्ही बाजूंना कडेवर ठेवतो. त्याचा काय संबंध?

गंधाली
तोच तर मोठा संबंध आहे. बॅग मध्ये असली की गुडघे बाहेर फाकतात, चवडे बाहेर वळतात आणि टाच अर्धी हवेत राहते. पाय घसरू नये म्हणून मांडीचा आणि खुब्याचा स्नायू तो सगळा वेळ ताणून धरतो. चौलहून पेणपर्यंत दीड-दोन तास तसं बसायचं आणि संध्याकाळी तसंच परत. कोंडीत सुटका नाही, कारण पाय टेकायला काढला तरी बॅग तिथेच.
बॅग मागच्या सीटवर बांधा किंवा कॅरियर लावा. पाऊल पूर्ण टेकलेलं, गुडघ्याच्या रेषेत, आणि बूड सीटवर जमेल तेवढं मागे. तुमच्या उंचीला मागे सरकल्याने गुडघ्याचा कोन बराच उघडतो. कोंडीत दरवेळी एकच पाय टेकू नका, आलटून पालटून टेका. गाड्या हलतच नसतील तर इंजिन बंद करून, कडेला सुरक्षित जागा असेल तरच स्टँडवर लावा आणि खाली उतरून दोन मिनिटं उभे राहा.
व्यायाम दोनच. घरी आल्यावर एक गुडघा जमिनीवर टेका, दुसरं पाऊल पुढे, पाठ सरळ, आणि कंबर हळू पुढे न्या. टेकलेल्या पायाच्या जांघेपुढे ताण जाणवेल. तीस सेकंद धरा, दोन्हीकडे तीन-तीनदा. वाटीला टोचलं तर खाली उशी घ्या. दुसरा, पाठीवर झोपून गुडघे उभे करा आणि कंबर वर उचला, दहा वेळा, सावकाश. आणि ती गोळी रोज घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर ती उठते.

दर्यावर्दी
ताई, कोनाबिनाचं ठीक आहे, पण हादऱ्यांचं काय? माझ्या मते निम्मं दुखणं शॉकअबसॉर्बरचं.

गंधाली
हादऱ्यांचा त्रास कंबरेला आणि मणक्याला जास्त होतो, त्यासाठी हवा आणि शॉक तपासलेच पाहिजेत. पण गुडघा आखडण्याचं मुख्य कारण म्हणजे तो एकाच कोनात अडकून राहणं. चांगल्या शॉकच्या गाडीवरही तसंच बसलं तर गुडघा आखडेल.

शिरीष_दापोली
मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मलाही उजवा गुडघा दुखायचा. गुडघ्याचा एक्स-रे काढला, स्वच्छ आला. बरेच महिने गुडघ्याला मलम चोळत राहिलो आणि शेवटी दोष खुब्यात निघाला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झाला होता, एव्हीएन म्हणतात त्याला. मला दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या खूप दिल्या गेल्या होत्या. नितीनदादा, मांडी घालून बसता येतं का? उजव्या पायाची नखं कापता येतात का?

मामी_मुरूड
बाबा, त्याला घाबरवू नका. गाडीने दुखतंय तर तुम्ही थेट हाडापर्यंत पोचलात.

नितीन_चौल
मांडी घालता येते, पण उजवा गुडघा खाली जात नाही, वरच राहतो. नखं कापताना जांघेत कळ येते. मला वाटलं बसून बसून होतंय. स्टेरॉइड माहीत नाही. २०२१ मध्ये कोविडला दवाखान्यात होतो, सुया दिल्या होत्या, कसल्या ते कोण सांगणार?

गंधाली
शिरीषदादांनी विचारलं ते बरं झालं. मामी, घाबरवण्याचा प्रश्न नाही. खुब्याचं दुखणं मांडीच्या पुढच्या बाजूने उतरून गुडघ्यात जाणवतं, आणि माणूस गुडघाच चोळत राहतो.
दादा, एक करून बघा. उंच खुर्चीवर किंवा टेबलाच्या कडेवर बसा, पाय लोंबते. गुडघे एकमेकांजवळ ठेवून उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या, मग डावं. दोन्ही सारखी बाहेर जातात का, आणि उजव्या जांघेत दुखतं का ते सांगा.

नितीन_चौल
केलं. डावं पाऊल सहज जातं. उजवं निम्मंच जातं आणि जांघेत खोल दुखतं.

गंधाली
मग तुम्ही नको म्हणालात तेच सांगावं लागतंय: हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बॅगेमुळे आखडलेला स्नायू सहसा दोन्हीकडे सारखा असतो आणि थोडं चालल्यावर सुटतो. एकाच बाजूला खुबा आत वळायला अडतोय आणि जांघेत खोल दुखतंय, म्हणजे सांधा बघायलाच हवा. तो एव्हीएनच असेल असं नाही, सुरुवातीची झीज किंवा सांध्याच्या कडेची दुखापतही असू शकते. एकट्या गुडघ्याचा एक्स-रे काढून येऊ नका, दोन्ही खुब्यांचा काढायला सांगा. कोविडच्या वेळच्या डिस्चार्ज कागदावर डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन लिहिलंय का ते बघा, त्या काळात ही स्टेरॉइडं बऱ्याच जणांना दिली गेली. आणि उजवीकडचा ताणाचा व्यायाम डॉक्टर सांगेपर्यंत थांबवा, डावीकडे चालू ठेवा.

अप्पा_नागोठणे
युरिक ॲसिड बघितलं का? कोळंबी, बांगडे रोज खाणाऱ्यांना होतं. मला झालं होतं.

गंधाली
अप्पा, त्यात बहुतेक वेळा पायाचा अंगठा अचानक लाल होऊन सुजतो, चादर लागली तरी सहन होत नाही. दादांचं तसं काहीच दिसत नाही. डॉक्टरांना वाटलं तर ते रक्त तपासतील.

नितीन_चौल
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. बॅग मागे बांधायला लागल्यापासून गुडघे खरंच सुटले. उतरल्यावर आता सरळ चालतो, जिन्यावरही फारसं दुखत नाही. उजवी जांघ मात्र तशीच आहे. पेणला दाखवलं, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले काही दिसत नाही, महिनाभर फिजिओ करा. म्हणजे मिटलं ना?

शिरीष_दापोली
माझाही पहिला एक्स-रे नॉर्मल होता. एमआरआय करा.

दर्यावर्दी
डॉक्टरांनी नाही म्हटलं तर कशाला करायचा एमआरआय? उगाच खर्च. प्रत्येक जांघ म्हणजे एव्हीएन नव्हे.

शिरीष_दापोली
खर्च मलाही नको होता. पण गोळा खचायच्या आधी कळलं तर हातात उपाय असतात, खचल्यावर खुबा बदलणं उरतं. मला उशिरा कळलं.

गंधाली
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये तो दिसतो. आणि जांघ दुखणाऱ्या प्रत्येकाला एमआरआय लागत नाही हेही खरं. ठरतं ते तुमच्या इतिहासावर. कोविडच्या सुयांचं डॉक्टरांना सांगितलंत का?

नितीन_चौल
नाही. ते विचारलं नाही त्यांनी, मीही बोललो नाही. फाइल मेव्हण्याकडे आहे, माणगावला.

गंधाली
फाइल मागवा आणि तीच घेऊन परत त्यांच्याकडे जा. स्टेरॉइड दिल्याचं कागदावर दिसलं तर महिनाभर थांबायचं की आधीच एमआरआय, हे ते नव्याने ठरवतील. आणि तोवर बॅटरी उचलताना वजन उजव्या पायावर घेऊ नका. रात्री झोपेतून उठवणारी कळ आली किंवा लंगडायला लागलात तर महिन्याची वाट बघू नका.

नितीन_चौल
मेव्हण्याला फोन केला. तो फाइलचे फोटो रात्री पाठवतो म्हणालाय. आले की कोणती सुई होती ते इथे लिहितो.

रेवस_बंदर
मागचं कॅरियर कुठे बसवलंत? माझ्या स्कूटरलाही हवं आहे, जाळी घेऊन जायला.