प्रति: मेरिमेको आलेखातील स्तंभांची रुंदी

> प्रत्येक प्रदेशाचा स्तंभ त्याच्या बाजारपेठेइतका रुंद कसा करायचा?

एक्सेलमध्ये एकेका स्तंभाची रुंदी बदलता येत नाही, म्हणून 100 ओळींचा तक्ता करून प्रत्येक प्रदेशाची ओळ, त्यातील गटांच्या टक्केवारीसह, त्याच्या हिश्श्याइतक्या वेळा लिहावी आणि स्टॅक्ड कॉलम काढून Gap Width 0% ठेवावी.

चूक बहुधा पूर्णांक करताना होते. समजा, पश्चिम 43.5, दक्षिण 31.5 आणि उत्तर 25 टक्के आहे. वेगवेगळे पूर्णांक केल्यास 44, 32, 25 मिळून 101 ओळी होतात. त्याऐवजी बेरीज पुढे नेत 43.5, 75, 100 यांचे पूर्णांक करून वजाबाकी केल्यास 44, 31, 25 मिळतात. (अर्ध्या टक्क्याचा फरक डोळ्यांना जाणवत नाही.) आकड्यांचे लेबल मात्र प्रत्येक प्रदेशाच्या मधल्याच ओळीला द्यावे.