मदत हवी आहे : चोवीस तासांच्या इमर्जन्सीनंतरची विश्रांती धरून युनिटच्या ड्यूट्या कशा लावाव्यात?

निशाचर :
नमस्कार. मी मेडिसिन विभागात दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट असून युनिटच्या ड्यूट्या लावण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. आमची इमर्जन्सी सोमवारी सकाळी आठ ते मंगळवारी सकाळी आठ अशी असते. आम्ही सहा जण आहोत, प्रत्येक वर्षाचे दोन. आजवर सहाही जण सोमवारी रात्रभर थांबतात आणि मंगळवारी नव्या रुग्णांचा राउंड, तपासण्या व डिस्चार्ज उरकून संध्याकाळी सहाला निघतात, म्हणजे सलग ३४ तास काम होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आहे. ती पाळून मंगळवारी खरी विश्रांती मिळेल, अशी मांडणी हवी आहे. इतर दिवशी रात्रीचा वॉर्ड सर्व युनिट मिळून पाळीपाळीने सांभाळतात.

जेआर३_सर्जरी :
त्याच अहवालात उत्तर आहे. एक ड्यूटी २४ तासांची, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक दिवस सुट्टी, बेरीज ७४. सहाही जणांना हेच लावावे.

जुना लेक्चरर :
बेरीज बरोबर आहे, परंतु ती सुट्टी कोणत्या वारी येते यावर सारे अवलंबून आहे. सुट्टी रविवारी दिली तर मंगळवारचे १० तास २४ तासांना जोडूनच येतात आणि पुन्हा ३४ होतात. ती मंगळवारी दिली तर साप्ताहिक सुट्टी झोपेतच संपते, शिवाय सहाही जण एकदम घरी गेल्यावर नव्या रुग्णांकडे पाहायला युनिटमध्ये कोणी उरत नाही.

म्हणून दोन गट करावेत, प्रत्येकात प्रत्येक वर्षाचा एक. पहिला गट सोमवारी आठला येऊन रात्रभर थांबेल. दुसरा गट सोमवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वॉर्ड व ओपीडी पाहून घरी जाईल आणि मंगळवारी आठला ताजा होऊन परत येईल. मंगळवारचा राउंड नव्या रुग्णांपासून सुरू करावा, म्हणजे ज्याने रुग्ण दाखल केला तोच त्याची माहिती देईल आणि पहिला गट दहाला निघू शकेल. त्यांचे २६ तास, बुधवार ते शनिवार ४० तास, मिळून ६६, आणि रविवारी सुट्टी. रविवारी दुसरा गट येईल. त्यातील तिघांना गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी एकेक दिवस सुट्टी द्यावी. त्यांचे ६० तास होतात. पुढच्या आठवड्यात गट बदलावेत.

आई_नाशिक :
माझी मुलगी भूलशास्त्र विभागात आहे. तिला रात्रीनंतर कधीच सुट्टी मिळत नाही. यासाठी कायदा आहे का, आणि तक्रार कुठे करावी?

जुना लेक्चरर :
ताई, १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असे लिहिलेले आहे. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत मात्र ‘वाजवी’ तास एवढेच म्हटले आहे, आणि ७४ ही शिफारस आहे. मुलीने आधी महाविद्यालयातील मार्डच्या प्रतिनिधींशी बोलावे. तक्रारीविषयी स्वतंत्र धागा काढलात तर अधिक लोक उत्तर देतील.

लीड्सचा मराठी :
आमच्याकडे सलग १३ तासांपलीकडे पाळीच नसते, त्यामुळे तुमची २४ तासांची इमर्जन्सी मुळातच मोडावी असे मला वाटते. ते तुमच्या हातात नसेल, तरी एक गोष्ट जरूर घ्यावी. इथे ७२ तासांची मर्यादा कोणत्याही सलग १६८ तासांना लागू होते, सोमवार ते रविवार या चौकटीला नव्हे. आपली मांडणी तशी मोजून पाहावी.

निशाचर :
मोजून पाहिले आणि चूक लगेच सापडली. दुसरा गट रविवारी १० तास काम करतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याची इमर्जन्सी सुरू होते. रविवार ते शनिवार धरले तर १० + २६ + ४० = ७६. सोमवारपासून मोजले तर हे दिसतच नाही.

जुना लेक्चरर :
उत्तम निरीक्षण. रविवारचा राउंड दुपारी एकला संपवावा आणि पुढचे विभागाच्या पाळीवर सोडावे. पाच तास कमी होऊन ७१ राहतील, आणि इमर्जन्सीच्या आधीची रात्र घरी झोप मिळेल. विभागाची रात्रपाळी संध्याकाळी सहा ते सकाळी आठ अशी १४ तासांची धरली आणि दुसऱ्या दिवसाचे १० तास माफ झाले, तर केवळ चार तास वाढतात. म्हणून ही पाळी, विशेषतः इमर्जन्सीच्या आठवड्यात, कोणाला द्यायची ते सलग सात दिवस मोजूनच ठरवावे.

जेआर३_सर्जरी :
दुसऱ्या दिवसाचे माफ होत नाहीत, हीच तर अडचण आहे. आमच्याकडे रात्र झाली तरी सकाळी ओटी असतेच. तसे असेल तर ६६ चे ८० होतात.

निशाचर :
आमच्याकडेही रात्रपाळीनंतर सुट्टी लेखी नाही. दोन गटांची मांडणी युनिटप्रमुखांना देत आहे. सरांना राउंडचा क्रम बदलणे मान्य होईल असे वाटते. रात्रपाळीनंतरची सुट्टी मात्र विभागप्रमुखांकडून मंजूर करून घ्यावी लागेल. कोणाच्या विभागात ती लेखी स्वरूपात मिळाली असल्यास मजकूर कसा होता, ते कृपया कळवावे.