मदत हवी आहे: एरंडेल तेलाची व्हिस्कॉसिटी उणे येतेय, टेबलमध्ये सीजीएस आणि एसआय दोन्ही आहेत

एफवाय_पुणे
उद्या सकाळी जर्नल सबमिट करायचंय, प्लीज लवकर सांगा. स्टोक्सच्या पद्धतीचं प्रॅक्टिकल आहे, एरंडेल तेलात स्टीलची गोळी सोडायची. लॅबमधून मिळालेलं टेबल असं: गोळी ३.०० मिमी, स्टीलची घनता ७.८, तेलाची घनता ९६०, वेग ५.२ सेमी प्रति सेकंद, g = ९.८. सूत्र हे:

```
η = 2 r² (ρ − σ) g / (9 v)
```

सरळ किमती टाकल्या तर उणे ३५८९ आलं. मग ७.८ चे ७८०० केले तर २५७८१ आलं. बॅचमधल्या एकाचं उत्तर ६.४ आहे, एकीचं ०.६४. टेबल तिघांचं एकच. बरोबर कोण?

कोथरूडचा_वाचक
g ९.८ घेतलास तिथेच घोळ. ९८० घे. वेग सेंटीमीटरमध्ये आहे ना, मग g पण सेंटीमीटरमध्येच हवा.

एफवाय_पुणे
९८० घेतलं, आता २५ लाखांच्या वर गेलं.

भोसरी_शॉपफ्लोअर
आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर गेज किलो प्रति चौरस सेमीमध्ये आणि नवीन पंपाच्या कागदांवर बार. फरक दोन टक्क्यांचाच, म्हणून सगळे सरसकट एकच धरतात. तुम्ही कॉलेजवाले उगाच घाबरता, अंदाजाने चालवून घ्या.

प्रयोगवही
भोसरीवाले दादा, तुमच्या गेजवर दोन टक्के चुकतात, इथे हजारपट चुकतंय. अंदाजाने कसं चालवणार?

एफवाय, आधी दोन गोष्टी सांग. घनतेपुढे एककं काय लिहिली आहेत? आणि ३.०० हे स्क्रू गेजचं रीडिंग आहे की कोणी आधीच त्याचं अर्धं करून लिहिलंय?

एफवाय_पुणे
स्टील ग्रॅम प्रति घन सेमी, तेल किलो प्रति घनमीटर. ३.०० स्क्रू गेजचं. त्याने काय होतं? मी r च्या जागी टाकलंय.

प्रयोगवही
मग सगळं उलगडलं. स्क्रू गेज गोळीच्या दोन बाजू पकडतो, म्हणजे तो व्यास. r = १.५० मिमी. सूत्रात r चा वर्ग आहे, म्हणून तुझं उत्तर चौपट झालंय. २५७८१ ला ४ ने भाग, ६४४५ येतील. मित्राचे ६.४ आणि मैत्रिणीचे ०.६४ बघ, आकडे तेच आहेत.

यात एक ओळखायची खूण आहे. गुणाकार-भागाकारात एकक चुकलं तर मिमी, सेमी, मीटर सगळे दहाच्या पटीतले असल्यामुळे फक्त दशांश चिन्ह सरकतं, ६४४५ हे आकडे टिकतात. बेरीज-वजाबाकीत एकक चुकलं तर आकडेच मोडतात. तुझं पहिलं उत्तर उणे आलं कारण ७.८ मधून ९६० वजा केले. लोखंड तेलापेक्षा हलकं झालं, गोळी वर जायला हवी! म्हणून कंसातली वजाबाकी सगळ्यांत आधी एका एककात आण, बाकीचं नंतर.

कोथरूडचा_वाचक
म्हणजे शेवटी दशांश चिन्ह सरकवलं की झालं. इतकं कशाला लिहायचं?

प्रयोगवही
किती घरं सरकवायचं ते कसं कळणार? उत्तर माहीत असेल तरच कळेल. टेबलच्या शेजारी पेन्सिलने एक नवीन रकाना आखायचा आणि सूत्राला हात लावण्याआधी तो पुरा भरायचा. १.५० मिमीचे ०.००१५० मीटर, ७.८ चे ७८००, ९६० तसेच, ५.२ सेमीचे ०.०५२ मीटर, g ९.८ तसाच. मग एकदाच किमती टाकायच्या:

```
η = 2 × (1.50e-3)² × (7800 − 960) × 9.8 / (9 × 0.052)
  = 0.6445 Pa·s
```

बहुतेक मुलं वर्गापाशी अडकतात. मिमीचे मीटर करताना हजाराने भागतात, पण वर्ग आधी मिमीत करून २.२५ काढतात आणि त्यालाही हजारानेच भागतात. तिथे दहा लाखाने भागायला हवं. म्हणून रूपांतर आधी, वर्ग नंतर.

डेक्कनची_फिजिक्सवाली
माझं मत वेगळं. या टेबलसाठी सीजीएसच सोयीचं. स्टील आणि वेग आधीच सीजीएसमध्ये आहेत. तेलाचे ०.९६ करायचे, त्रिज्या ०.१५ सेमी, g ९८०, बस. ६.४४५ पॉइज येतं. १ पास्कल सेकंद म्हणजे १० पॉइज, त्यामुळे ६.४ वाला आणि ०.६४ वाली दोघंही बरोबर. एकक लिहिलं नसेल तर दोघंही चूक.

प्रयोगवही
सोय मान्य, ताई. पण पुढच्या प्रॅक्टिकलला तारेचा यंग मोड्युलस आला की मुलं डाइनमध्ये वजन आणि मीटरमध्ये लांबी घेऊन बसतात. सवय एकाच पद्धतीची असावी.

डेक्कनची_फिजिक्सवाली
सवय टेबल बघून ठरवायची असावी. कमी रूपांतरं, कमी चुका. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

बाणेर_बालेवाडी
हे एरंडेल औषधाच्या दुकानातलं चालतं का? मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी हवंय. आणि उन्हाळ्यात तेल पातळ होतं त्याचं काय करायचं?

प्रयोगवही
प्रदर्शनाला चालेल. पातळ होण्याचं मात्र खरंच महत्त्वाचं. एरंडेलाची व्हिस्कॉसिटी २० अंश सेल्सिअसला साधारण १ पास्कल सेकंद असते, ३० अंशाला निम्म्याहूनही खाली जाते. एफवाय, तेलाचं तापमान लिहिलंय का? ते नसेल तर ०.६४ कशाशी ताडून बघणार?

एफवाय_पुणे
२७ लिहिलंय. अजून एक अडचण. दुसऱ्या ओळीत २.०० मिमीची गोळी आहे, वेग २.५ सेमी. तुमच्या पद्धतीने ०.५९६ आलं. तेल तेच, मग उत्तर वेगळं का? परत एककात घोळ?

डेक्कनची_फिजिक्सवाली
नाही. दशांश चिन्ह जागेवर आहे आणि चौपटही झालेलं नाही, म्हणजे एककं ठीक आहेत. मोठ्या गोळीला जास्त व्हिस्कॉसिटी दिसतेय, हा जारच्या भिंतीचा परिणाम वाटतो. अरुंद जारमध्ये गोळी अडखळते, वेग कमी मिळतो. त्यासाठी वेगाला (१ + २.४ r/R) ने गुणतात, R म्हणजे जारची आतली त्रिज्या. R २ सेमी धरला तर तुझी दोन्ही उत्तरं ०.५४६ आणि ०.५३२ होतात, बरीच जवळ येतात. इथे r आणि R दोन्ही एकाच एककात असले की पुरे, मिमी असो की सेमी.

एफवाय_पुणे
जारचा व्यास टेबलमध्ये नाहीये. गाईड सरांनी दुरुस्ती शिकवलीच नाही. आता काय लिहू?

कोथरूडचा_वाचक
२ सेमी लिही आणि सबमिट कर.

प्रयोगवही
न मोजलेला आकडा जर्नलमध्ये लिहू नकोस. दुरुस्ती न करता दोन्ही उत्तरं एककासकट लिही, तापमान लिही, आणि जार मोजलेला नसल्याने भिंतीची दुरुस्ती केलेली नाही असं खाली एक वाक्य टाक. सबमिशनआधी लॅब उघडी मिळाली तर व्हर्निअरने आतला व्यास घे. बाहेरचा नको, काचेची जाडी त्यात येते.

एफवाय_पुणे
ओके. लॅब असिस्टंट काका नऊला येतात, बघतो.

बाणेर_बालेवाडी
माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं. प्रदर्शनाच्या जारला किती तेल लागेल?