एनपीएस: ८०/२० की ६०/४०? पेन्शन फंड मॅनेजरला पाठवायचं पत्र

चिंचवडकर
खालचं पत्र पाठवायचं आहे, आधी मतं हवीत.
«मा. पेन्शन फंड मॅनेजर, मी २८ फेब्रुवारीला वयाच्या ६० व्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त होत आहे. माझ्या एनपीएस खात्यात सुमारे ४० लाख रुपये आहेत. डिसेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे ८० टक्के एकरकमी द्यावेत व २० टक्क्यांची, दरमहा पेन्शन देणारी अ‍ॅन्युइटी घ्यावी. माझ्यानंतर ती पत्नीला (वय ५६) चालू राहावी. आपला विश्वासू.»
८०/२० ठीक आहे की ६०/४०?

तिसरा मजला
पत्र बाजूला ठेवा, कारण पत्ताच चुकला आहे. फंड मॅनेजर तुमच्या युनिट्सचे पैसे गुंतवतो, तेवढंच त्याचं काम. किती रोख आणि किती अ‍ॅन्युइटी, हे तो ठरवत नाही आणि त्याच्याकडे तसा अर्जही जात नाही. अर्ज भरायचा एनपीएसच्या नोंदी ठेवणाऱ्या सीआरएच्या लॉगिनमध्ये, मंजूर करणार कंपनीचं नोडल ऑफिस किंवा पीओपी, म्हणजे खातं जिच्यामार्फत चालतं ती बँक वा संस्था. अ‍ॅन्युइटी देणार आयुर्विमा कंपनी, आणि ती तुम्हीच अर्जात निवडायची असते.

अर्ज अडकतो तो बहुधा बँक खात्यावर. खात्यात एक रुपया टाकून नाव तपासलं जातं, आणि पासबुकातलं नाव प्रानवरच्या, म्हणजे एनपीएस खातेक्रमांकावरच्या, नावाशी जुळलं नाही की अर्ज तिथंच थांबतो. पत्नीचं नाव आणि जन्मतारीखही आधारप्रमाणेच भरा, कारण अ‍ॅन्युइटीचा दर दोघांच्या वयावर ठरतो. नावं जानेवारीतच जुळवून घ्या.

प्रमाणाचं म्हणाल, तर माझं मत ८०/२०. दोघांच्या हयातीपर्यंत चालणारी, मूळ रक्कम शेवटी वारसांना परत करणारी अ‍ॅन्युइटी सव्वासहा टक्क्यांची धरू (नेमका दर कंपनीनुसार बदलेल). १६ लाखांवर वर्षाला १ लाख, म्हणजे महिना ८,३३३. ८ लाखांवर याच्या निम्मे. आणि हे आकडे जन्मभर तसेच. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते. तेच ८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५० हजारांऐवजी ६५,६०० येतात.

गणपुले
८.२ टक्के तुम्ही जन्मभराचे मोजताय. ती योजना पाच वर्षांची. सहाव्या वर्षी जो दर असेल तो घ्यावा लागेल. अ‍ॅन्युइटीचा दर आज बांधला तो पत्नीच्या नव्वदीपर्यंत. त्यांचं वय ५६ आहे, म्हणजे हिशोब तीसपस्तीस वर्षांचा. शिवाय रोख २४ ऐवजी ३२ लाख हातात आले की मुलाच्या फ्लॅटला हातभार लावायची वेळ फार लांब नसते. ६०/४० घ्या. अ‍ॅन्युइटी करमुक्तही आहे.

तिसरा मजला
शेवटचं वाक्य निम्मं खरं. अ‍ॅन्युइटी विकत घ्यायला जी रक्कम जाते तिच्यावर कर नाही. पण पुढे दरमहा येणारी पेन्शन उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर टप्प्याप्रमाणे कर लागतो.

खरी गोम दुसरीकडे आहे आणि ती माझ्याच मताच्या विरुद्ध जाते. डिसेंबर २०२५ ला पेन्शन नियामक पीएफआरडीएने रोख ८० टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा करमाफी मात्र ६० टक्क्यांवरच होती. तुमच्या ३२ लाखांपैकी २४ लाख निर्धोक, वरचे ८ लाख करपात्र धरूनच चाला. हे पैसे मार्चमध्ये, अकरा महिन्यांच्या पगारावर आले आणि पगार तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सेस धरून २,४९,६०० रुपये कर. तेच एक एप्रिलनंतर काढले तर? बचत योजनेत ३० लाख ठेवले, त्याचं वर्षाचं व्याज २,४६,०००, अ‍ॅन्युइटीचे ५० हजार आणि हे ८ लाख. एकूण १०,९६,०००. नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत, म्हणजे शून्य. भाडं वा दुसरी मिळकत असेल तर ती मिळवून बघा. निवृत्तीच्या दिवशीच पैसे काढायची सक्ती नाही, पुढे ढकलता येतात. मात्र तोवर ते बाजारात राहतात. इक्विटीचा हिस्सा मोठा असेल तर आधीच कमी करून ठेवा.

नदीकाठ
पण ४० टक्के अ‍ॅन्युइटी सक्तीची आहे ना? मी राज्य सरकारी नोकरीत, ५८ ला निवृत्त होणार. आमच्या कार्यालयात तर ६०/४० च सांगतात.

तिसरा मजला
तुमच्यासाठी तेच बरोबर. सरकारी कर्मचाऱ्यांना रोखीची मर्यादा ६० टक्केच राहिली, ८० खासगी नोकरी आणि स्वतः खातं उघडलेल्यांसाठी. तुमचा अर्ज आहरण अधिकाऱ्यामार्फत जाईल. धागाकर्त्याचं आणि तुमचं गणित एकत्र करू नका.

सरळव्याज
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, मूळ रक्कम परत मिळणारा पर्याय. तो कशाला? पंचवीस वर्षांनी परत येणारे ८ लाख ६ टक्के महागाईत आजच्या १ लाख ८६ हजारांएवढे. तेवढ्यासाठी दरमहा कमी पेन्शन घ्यायची. परतावा सोडला आणि दर सव्वासात मिळाला, तर १६ लाखांवर वर्षाला १,१६,००० येतात, महिन्याला साधारण १,३०० जास्त. मुलं कमावती असतील तर हाच घ्या, आणि ४० टक्क्यांचा घ्या.

गणपुले
आणि दोघंही तीन वर्षांत गेले तर १६ लाख विमा कंपनीचे. हे मुलांना कोण सांगणार? मी ६०/४० म्हणतो ते परताव्यासकटच.

चिंचवडकर
करपात्र ८ लाखांचं माहीतच नव्हतं. व्याजावरचा कर वाचवायला ते पत्नीच्या नावे ठेवले तर? पोस्टाच्या मासिक योजनेत एकट्याच्या नावे ९ लाख चालतात ना?

तिसरा मजला
चालतात. पण तुम्ही दिलेल्या पैशांवरचं पत्नीचं व्याज करासाठी तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. कर वाचेल म्हणून ते करू नका, त्यांच्या हातात स्वतःचं खातं असावं म्हणून करा.

पत्र फंड मॅनेजरऐवजी कंपनीच्या नोडल ऑफिसला द्या, आणि त्यात मागणी नको, प्रश्न ठेवा: माझं खातं कंपनीमार्फतच्या कॉर्पोरेट मॉडेलमध्ये आहे ना, ८० टक्क्यांचा पर्याय आमच्या अर्जात दिसतो का, ६० टक्क्यांच्या वरच्या भागावर टीडीएस कापणार का आणि कोणत्या दराने. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखीच घ्या. अ‍ॅन्युइटीसाठी किमान तीन विमा कंपन्यांचे दर एकाच दिवशी मागवा, दोघांच्या जन्मतारखा देऊन. पॉलिसी आली की पत्नीचं नाव आणि पर्याय त्याच दिवशी वाचा. चूक निघाली तर ३० दिवसांच्या फ्री लूकमध्येच बोला. ती मुदत उलटली की प्रकार बदलता येत नाही.

सरळव्याज
तीन कोटेशन परताव्यासह आणि परताव्याविना अशी दोन्ही मागवा. फरक महिन्याला पाचशेचा निघाला तर माझा मुद्दा बाद, दीड हजारांचा निघाला तर गणपुल्यांनी उत्तर द्यावं.

गणपुले
दीड हजारांसाठी १६ लाख सोडायचे? आकडे आले की इथे टाका, मग बोलू.