मदत हवी आहे: दुधाला साय का येत नाही??

पिंट्या_कोथरूड: गेले आठ दिवस दूध तापवतोय, सायीचा पत्ता नाही. दहीपण पळपळीत. शनिवारी आई येतेय, तिला घरचं तूप दाखवायचंय. भेसळ आहे का? लवकर सांगा.

सुलभाताई: अरे कुठलं दूध? पिशवीचं की डेअरीतलं सुट्टं?

पिंट्या_कोथरूड: साधं टोन्ड. पण खोक्यातलं, फ्रीज बंद पडलाय म्हणून.

गावरान: खोक्यातलं सहा महिने टिकतं म्हणजे औषध घालणारच ना. गीर गाय बघा, गोठ्यातून आणा.

डेअरीवाला_सांगली: औषध नाही हो. पिशवीचं दूध साधारण 72 अंशाला 15 सेकंद तापवतात, त्यात काही जंतू उरतात म्हणून ते फ्रीजमध्येपण दोन-तीन दिवसच. खोक्यातलं यूएचटी दूध 135 च्या वर काही सेकंद तापवतात आणि मग निर्जंतुक खोक्यात हवाबंद, म्हणून न फोडता बाहेर टिकतं. टोन्डचा याच्याशी संबंध नाही, टोन्ड म्हणजे फॅट 3 टक्के, मग ते पिशवीत असो की खोक्यात. पिंट्या, खोक्यावर होमोजिनाइज्ड लिहिलंय का? त्यात फॅटचे गोळे फोडून इतके बारीक करतात की ते वर येतच नाहीत, साय कुठून येणार.

सुलभाताई: मला तर त्या दुधाला शिजल्यासारखा वास येतो, चहा बासुंदीसारखा लागतो. आमच्या ह्यांना मात्र तोच आवडतो.

नितीन७७: शुगरवाल्यांनी कुठलं प्यावं? वडिलांना विचारायचंय.

डेअरीवाला_सांगली: नितीन, वेगळा धागा काढा. पिंट्या, रोज किती घेतोस?

पिंट्या_कोथरूड: अर्धा लिटर. हो, होमोजिनाइज्ड लिहिलंय.

डेअरीवाला_सांगली: मग हिशोब बघ, आठ दिवसांचं चार लिटर, 3 टक्क्यांनी सगळं मिळून जेमतेम 120 ग्रॅम फॅट, तीपण दुधातच अडकलेली. फुल क्रीमला 6 टक्के, म्हणजे दुप्पट, पण ते घेतानाही होमोजिनाइज्ड नाही ना बघ. शनिवारपर्यंत तूप विसर. दह्यासाठी खोक्यातलं उकळू नको, कोमट कर, दोन चमचे दूध पावडर घाल आणि मग विरजण लाव, बरं घट्ट होईल.

गावरान: टोन्ड म्हणजे पाणी घातलेलंच की शेवटी.

डेअरीवाला_सांगली: पाणी असतंच, पण म्हशीच्या दुधात, आणि सोबत स्किम पावडरपण. तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडींनी मुंबईत स्वस्तात जास्त लोकांना दूध पुरावं म्हणून ते काढलं. गवळ्याचं पाणी वेगळं.

पिंट्या_कोथरूड: बरं. कालचं फोडलेलं खोकं ओट्यावरच आहे, नासलं नाही, वास ठीक आहे, वापरू का?

डेअरीवाला_सांगली: ओतून दे! फोडल्यावर ते साध्या दुधासारखंच, फ्रीज हवा. आणि ते नेहमी आंबट होऊन फाटेलच असं नाही, कधी नुसतं कडू होतं, वासावर जाऊ नको.

सुलभाताई: आधी फ्रीज दुरुस्त कर रे बाबा, आई दूध नाही फ्रीज बघेल.