शब्दचर्चा: 'पोच दर', आणि पीओला काय म्हणावं?

मेघना: कारखान्यात खरेदी बघते. कोटेशनच्या तुलनात्मक तक्त्याचे मथळे मराठीत करतेय. माल आमच्या दारात उतरेपर्यंत जो दर पडतो, त्या रकान्याला काय म्हणावं? आणि पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, तिला खरेदी आदेश म्हणावं की पुरवठा आदेश?

बापू: शब्द बाजारात पडलेलेच आहेत. 'जागेवरचा भाव' विकणाऱ्याच्या दारातला, 'पोच भाव' भाड्यासकट आपल्या दारातला. कांद्यापासून लोखंडापर्यंत हेच चालतं.

गुरुजी: निविदा म्हणा की सरळ! शाळेत बाकं घेताना आम्ही तीन निविदा मागवतो, सर्वांत कमी दर असेल तो घेतो.

जुना स्टोअरकीपर: गुरुजी, तुम्ही मागवता ती दरपत्रकं. निविदेला जाहिरात, अनामत, उघडण्याची तारीख असा सगळा सोहळा लागतो. आणि 'कमी दर' कुठला, तोच तर मेघनाताईंचा प्रश्न आहे. समजा, ५०० किलो बोल्ट घ्यायचेत. एक जण ९२ रुपये किलो देतो, पण जागेवर, वर टेंपोचे २,४०० रुपये. दुसरा ९६ रुपये पोच. पहिल्याचं भाडं किलोमागे ४.८० पडतं, म्हणजे तो ९६.८०. तक्त्यात नुसता 'दर' असा रकाना ठेवलात तर महागाला ऑर्डर जाईल.

गुरुजी: आणि जीएसटी? तो सोडून तुलना कशी करता?

जुना स्टोअरकीपर: कारखान्याला त्याची वजावट मिळते, म्हणून सोडायचा. तुमच्या शाळेला मिळत नाही, तुम्ही धरायचा. तिसरा दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला असेल आणि १०५ रुपये पोच म्हणत असेल, तर तो वेगळा कर लावत नाही. १८ टक्के धरून दुसऱ्याचे ९६ तुम्हाला ११३.२८ पडतात, म्हणजे शाळेला तिसरा स्वस्त. कारखान्याला मात्र दुसराच.

मेघना: म्हणजे मथळा 'पोच दर, वजावटीचा कर सोडून'. लांब आहे, पण चालेल. आमचा घोळ पुढे होतो. ERPNext या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या Supplier Quotation वरून Purchase Order काढली, पण पुरवठादाराचं भाडं नुसतं शेऱ्यात लिहिलेलं होतं. पीओत ते आलंच नाही, आणि बिल जुळेना.

जुना स्टोअरकीपर: भाडं कर-आकाराच्या तक्त्यात वेगळी ओळ म्हणून टाका, तिथून ते पीओत उतरतं. एककही बघा. बोल्टचा दर कुणी किलोवर देतो, कुणी शेकड्यावर.

बापू: पीओला 'पुरवठा आदेश'. समोरच्याला आपण पुरवठा कर म्हणतो, खरेदी कर नाही.

मेघना: पण आमच्या दप्तरी तो खरेदीचाच कागद ना? शिवाय आदेश कसला, भाव परवडला नाही तर तो चक्क नाही म्हणतो.

बापू: मग 'मागणीपत्र' म्हणा.

जुना स्टोअरकीपर: नको! ते आमच्याकडे खातं स्टोअरला देतं. आणि 'पोच' वाचून नवा कारकून तिथे पावतीचा नंबर लिहील, तेही बघा.