उत्तर शून्य येतंय कारण छायांकन उलट्या बाजूला झालंय

>> फोटोतलं गाईच्या खाद्याचं गणित (कमीत कमी खर्चात दोन खाद्यं किती द्यायची) तसंच मांडलं, आलेखही काढला, तरी किमान खर्च 0 रुपये येतोय.

गाय उपाशी राहिली म्हणून! फोटोत ‘किमान 8 एकक प्रथिने, किमान 10 एकक खनिजे’ असं आहे, आणि तुम्ही ≤ घेतलंय. ‘किमान’ म्हणजे ≥. दोन खाद्यांचं प्रमाण x आणि y धरलं तर मांडणी अशी हवी: 2x + y ≥ 8, x + 2y ≥ 10, x, y ≥ 0 आणि खर्च z = 20x + 30y. आता (0,0) घालून बघा: 0 ≥ 8 खोटं, म्हणून आरंभबिंदूच्या विरुद्ध बाजूला छायांकन करायचं. मग (4,0) आणि (0,5) आपोआप बाद होतात. (4,0) ला खनिजं फक्त 4 एकक मिळतात. उरतात (0,8), (2,4), (10,0). खर्च अनुक्रमे 240, 160, 200.

पण इथे थांबू नका, माझा बारावीत इथेच एक गुण गेला होता. हा भाग वर उघडा आहे, त्यामुळे कोपरे तपासून भागत नाही. 20x + 30y = 160, म्हणजेच 2x + 3y = 16 ही रेषा तुटक काढा. तिच्या खालच्या बाजूचा एकही बिंदू छायांकित भागात येत नाही, म्हणजे 160 पक्कं. याच भागावर कमाल मूल्य विचारलं असतं तर ते मिळालंच नसतं.